माती पंचेचाळीस अंशांवर का तुटत नाही

मातीचा दंडगोल नमुना उभा ठेवला आणि वरून दाबला, तर त्याच्या आतल्या असंख्य तिरक्या प्रतलांपैकी कोणत्या प्रतलावर सर्वांत जास्त कातर प्रतिबल येते? आडव्याशी ४५ अंश करणाऱ्या प्रतलावर. हे स्थापत्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, आणि ते बरोबरच आहे. मग नमुना त्याच प्रतलावर तुटायला हवा. पण घट्ट रेतीचा किंवा रेतीमिश्र मातीचा नमुना दाबून पाहिला, तर त्यावर उमटणारी चीर बहुधा ४५ अंशांपेक्षा उभी असते. माती सर्वाधिक कातर प्रतिबलाचे प्रतल सोडून त्याहून कमी प्रतिबलाच्या प्रतलावर तुटते. या विसंगतीचे उत्तर पुस्तकात एका ओळीत छापलेले असते: भंगाचा कोन ४५ अंश अधिक घर्षणकोनाचा निम्मा. परीक्षेत ती ओळ लिहिली की गुण मिळतात, कचेरीत ती अहवालात घातली की काम पुढे सरकते. माझे म्हणणे असे की ही ओळ पाठ करणाऱ्याला मातीबद्दल फार थोडे कळते, आणि ज्या वर्तुळातून ती निघाली ते स्वतःच्या हाताने काढणाऱ्याला बरेच कळते. हे वर्तुळ आता पाठ्यपुस्तकातली एक आकृती म्हणून पाहिले जाते. खरे तर ती विचार करण्याची एक रीत आहे.

ते वर्तुळ ऑटो मोहर या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. मोहर आधी रेल्वेच्या बांधकामावर होता, पुढे श्टुटगार्ट आणि ड्रेस्डेन येथे प्राध्यापक झाला. प्रतिबले वर्तुळाने दाखवण्याची कल्पना त्याच्याआधी १८६६ मध्ये कार्ल कुलमानने मांडली होती. मोहरने १८८२ मध्ये ती पूर्ण विकसित केली आणि १९०० मध्ये तिच्यावरच पदार्थ कधी तुटतो याचा सिद्धांत उभा केला. त्याच्या शतकभर आधी, १७७३ मध्ये, फ्रेंच लष्करी अभियंता कुलोम याने पॅरिसच्या अकादमीपुढे मातीच्या ताकदीचा नियम मांडला होता: सरकण्याला होणारा विरोध हा काही अंशी मातीच्या चिकटपणातून येतो आणि काही अंशी प्रतलावरच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो. मोहरचे वर्तुळ आणि कुलोमची रेषा एका कागदावर आली की मातीच्या भंगाचा प्रश्न भूमितीचा होतो.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. मातीत कल्पिलेल्या कोणत्याही प्रतलावर दोन प्रकारची प्रतिबले असतात. लंब प्रतिबल प्रतलाला काटकोनात दाबते. कातर प्रतिबल प्रतलाच्या अंगाने माती सरकवू पाहते. प्रतल फिरवत गेलो की दोन्ही बदलतात. काही विशिष्ट प्रतलांवर कातर प्रतिबल शून्य होते आणि निव्वळ दाब उरतो. ती मुख्य प्रतले, आणि त्यांच्यावरचे दाब ही मुख्य प्रतिबले. सर्वांत मोठे ते महत्तम, सर्वांत लहान ते लघुतम.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे गोल घेतले आहेत, म्हणजे गणितात अडकायला होणार नाही. ट्रायअॅक्सियल चाचणीसाठी रेतीमिश्र मातीचा ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा नमुना रबरी आवरणात घालून पाण्याच्या कोठीत ठेवला आहे. कोठीतल्या पाण्याचा दाब १०० किलोपास्कल आहे आणि तो नमुन्याला सगळीकडून सारखाच दाबतो. नमुन्यातले पाणी मोकळेपणी बाहेर जाऊ दिले आहे आणि वरून दांड्याने सावकाश भार वाढवत नेला आहे. दांड्याने २०० किलोपास्कलचा जादा दाब दिला तेव्हा नमुना तुटला. म्हणजे भंगाच्या क्षणी उभे प्रतिबल १०० अधिक २००, एकूण ३०० किलोपास्कल, आणि आडवे प्रतिबल १०० किलोपास्कल. नमुन्याच्या माथ्यावर किंवा बाजूला कातर प्रतिबल नसते असे आपण धरतो, म्हणून हीच दोन मुख्य प्रतिबले.

कागदावर आडव्या अक्षावर लंब प्रतिबल आणि उभ्या अक्षावर कातर प्रतिबल घ्या. आडव्या अक्षावर १०० आणि ३०० या ठिकाणी दोन टिंबे द्या. त्यांच्या मधोमध २०० वर केंद्र घेऊन १०० त्रिज्येचे वर्तुळ काढा. या परिघावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे नमुन्यातले एकेक प्रतल. ३०० चा बिंदू आडव्या प्रतलाचा, १०० चा बिंदू उभ्या प्रतलाचा. नमुन्यात ही दोन प्रतले ९० अंशांवर आहेत, पण वर्तुळावर त्यांच्यात १८० अंशांचे अंतर पडले आहे. वर्तुळावर प्रत्येक कोन दुप्पट होतो, आणि त्याचे कारण गूढ नाही. तिरके प्रतल घेतले की भार तिरका मोजावा लागतो आणि क्षेत्रफळही तिरके मोजावे लागते. कोनाचा परिणाम असा दोनदा लागतो, आणि ती दोन गुणोत्तरे गुणली की त्रिकोणमितीत दुप्पट कोनच हाती येतो.

वर्तुळाचा सर्वांत उंच बिंदू केंद्राच्या बरोबर वर आहे. तेथे कातर प्रतिबल १०० आणि लंब प्रतिबल २००. ३०० च्या बिंदूपासून तो ९० अंशांवर आहे, म्हणजे नमुन्यात ४५ अंशांवर. सर्वाधिक कातर प्रतिबलाचे प्रतल ते हेच.

पण आता कुलोमची रेषा काढा. या मातीत चिकटपणा नाही असे धरू, म्हणून रेषा शून्यातून निघेल. नमुना तुटला आहे, तेव्हा रेषेने वर्तुळाला स्पर्श केलाच पाहिजे. शून्यापासून केंद्रापर्यंत अंतर २००, आणि त्रिज्या १००. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या रेषेला काटकोन करते, म्हणून तयार झालेल्या काटकोन त्रिकोणात घर्षणकोनाची ज्या १०० भागिले २००, म्हणजे ०.५. घर्षणकोन ३० अंश. स्पर्शबिंदू मात्र वर्तुळाच्या माथ्यावर नाही, तो माथ्याच्या डावीकडे आहे. तेथे लंब प्रतिबल १५० आणि कातर प्रतिबल ८६.६.

इथे जरा थांबून दोन्ही प्रतलांची तुलना करू. ४५ अंशांच्या प्रतलावर माती सरकवणारे प्रतिबल १०० आहे. पण त्या प्रतलावरचा दाब २०० असल्याने ३० अंशांच्या घर्षणाने मिळणारा विरोध ११५ च्या थोडा वर आहे. म्हणजे तिथे पंधराएक किलोपास्कल ताकद शिल्लक आहे. स्पर्शबिंदूच्या प्रतलावर सरकवणारे प्रतिबल ८६.६ इतकेच आहे, पण दाबही १५० वर उतरला आहे आणि विरोध ८६.६ च आहे. शिल्लक शून्य. आणखी उभे, ७० अंशांचे प्रतल घेतले, तर सरकवणारे प्रतिबल ६४ आणि विरोध ७१. पुन्हा थोडी शिल्लक. माती जिथे जोर सर्वाधिक असतो तिथे तुटत नाही, जिथे जोर आणि पकड यांचा हिशेब सर्वांत तोट्याचा असतो तिथे तुटते. जड पेटी हलक्या पेटीपेक्षा जमिनीवरून सरकवायला अवघड जाते, तेच मातीच्या कणांचे आहे. ४५ अंशांच्या प्रतलावर जोर जास्त आहे, पण वजनही जास्त आहे.

कोनाचे सूत्र आता आपोआप निघते. शून्य, केंद्र आणि स्पर्शबिंदू यांच्या काटकोन त्रिकोणात केंद्रापाशी कोन ९० वजा ३०, म्हणजे ६० अंश. उलट्या बाजूने, म्हणजे ३०० च्या बिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंत मोजले तर १२० अंश. वर्तुळावरचा कोन दुप्पट असतो, म्हणून नमुन्यात ६० अंश. हेच ४५ अधिक ३० चा निम्मा. सूत्र पाठ असणाऱ्याला ६० मिळाले आणि वर्तुळ काढणाऱ्यालाही ६० मिळाले, पण ते ६० अंश कशापासून मोजायचे हे फक्त दुसऱ्याला माहीत आहे. ते महत्तम मुख्य प्रतिबलाच्या प्रतलापासून मोजायचे. ट्रायअॅक्सियल चाचणीत ते प्रतल आडवे असते, म्हणून आपण नकळत ‘आडव्यापासून ६०’ असे म्हणू लागतो. प्रत्यक्ष जमिनीत मात्र ते आडवे असेलच असे नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी सूत्र घात करते.

रस्त्याचा एक उंच भराव डोळ्यांपुढे आणा. भराव उजवीकडे आहे आणि मोकळी जमीन डावीकडे. भरावाच्या उताराखाली, जमिनीत खोलवर मातीचा एक छोटा चौकोन घेऊ. त्याच्या आडव्या बाजूवर लंब प्रतिबल २८० किलोपास्कल आणि कातर प्रतिबल ६०. उभ्या बाजूवर लंब प्रतिबल १२० आणि कातर प्रतिबल तेवढेच ६०, पण उलट्या दिशेने फिरवणारे. भराव माती बाहेर, म्हणजे डावीकडे ढकलू पाहतो आहे, म्हणून चौकोनाच्या वरच्या आडव्या बाजूवर कातर प्रतिबलाचा बाण डावीकडे आहे. दाब धन मानायचा आणि चौकोनाला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवणारे कातर प्रतिबल धन मानायचे, ही मृदायांत्रिकीतली प्रथा. पोलादाच्या पुस्तकात ताण धन असतो. दोन्ही प्रथा एकाच आकृतीत मिसळल्या की उत्तर आरशातले येते, म्हणून आकृतीच्या कोपऱ्यात आपली प्रथा लिहून ठेवणे शहाणपणाचे.

आडव्या बाजूचा बिंदू (२८०, ६०) आणि उभ्या बाजूचा बिंदू (१२०, उणे ६०). दोन्ही टिंबे जोडा. ती रेषा आडव्या अक्षाला २०० वर छेदते, तेच केंद्र. केंद्रापासून बिंदूपर्यंत आडवे अंतर ८० आणि उभे अंतर ६०, म्हणून त्रिज्या १००. वर्तुळ काढले की ते अक्षाला १०० आणि ३०० वर छेदते. मुख्य प्रतिबले पुन्हा ३०० आणि १००. प्रयोगशाळेतल्या नमुन्याचे होते तेच हे वर्तुळ. आकार तोच, जागा तीच. ३० अंशांच्या घर्षणाची तीच माती असेल तर हा चौकोनही भंगाच्या उंबरठ्यावर आहे. दिशा मात्र वेगळ्या आहेत.

दिशा शोधण्यासाठी वर्तुळावर एक विलक्षण बिंदू मिळतो, त्याला ध्रुवबिंदू म्हणतात. वर्गात सगळे ‘पोल’ म्हणतात. आडव्या प्रतलाच्या बिंदूतून, (२८०, ६०) मधून, त्या प्रतलाला समांतर म्हणजे आडवी रेषा काढा. ती वर्तुळाला पुन्हा (१२०, ६०) येथे भेटते. तोच ध्रुवबिंदू. खात्री करायची तर उभ्या प्रतलाच्या बिंदूतून उभी रेषा काढा, तीही तिथेच पोहोचते. नाही पोहोचली, तर कातर प्रतिबलाचे एखादे चिन्ह चुकले आहे असे समजावे. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि चिन्हाची चूक लगेच उघडी पाडते. संगणकाच्या छापील उत्तरात ही सोय नसते.

आता ध्रुवबिंदूपासून वर्तुळावरच्या कोणत्याही बिंदूकडे पट्टी लावा, ती पट्टी जमिनीत त्या प्रतलाचा खरा कल दाखवते. ३०० च्या बिंदूकडे पट्टी लावली तर ती उजवीकडे १८.४ अंश खाली झुकते. महत्तम मुख्य प्रतिबलाचे प्रतल आडवे नाही, ते इतके कललेले आहे. मग वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही स्पर्शबिंदूंकडे पट्टी लावा. एक प्रतल आडव्याशी ४१.६ अंश करून उजवीकडे चढते, म्हणजे डावीकडे उतरते. दुसरे ७८.४ अंशांचे, जवळजवळ उभे. दोन्ही प्रतले मुख्य प्रतलापासून बरोबर ६० अंशांवर आहेत, पण आडव्यापासून एकही नाही. ‘आडव्याशी ६० अंश’ असे पाठ असलेला अभियंता अशा प्रतलाची चिंता करील जे भंगाचे नाहीच. खऱ्या दोन प्रतलांपैकी डावीकडे उतरणारे ४१.६ अंशांचे प्रतल भरावाखालून बाहेरच्या मोकळ्या जमिनीकडे जाते. भराव ज्या वाटेने सुटू शकतो, ती वाट हे प्रतल दाखवते. एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. एका ठिकाणचा चौकोन भंगाला पोहोचला म्हणजे सारा भराव कोसळला असे होत नाही. शेजारची माती तो भार वाटून घेऊ शकते. वर्तुळ एका बिंदूचे बोलते, साऱ्या उताराचे नाही.

वर्तुळाचा माझ्या मते सर्वांत मोठा धडा पाण्याचा आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी असेल तर बाहेरून येणाऱ्या दाबाचा काही भाग ते पाणी पेलते. कणांची एकमेकांवरची पकड उरलेल्या, म्हणजे परिणामी प्रतिबलावर अवलंबून असते. कार्ल टेर्झागीने १९२० च्या दशकात हे तत्त्व मांडले आणि मृदायांत्रिकी शास्त्र म्हणून उभी राहिली. वर्तुळावर हे तत्त्व एका हालचालीत दिसते. पाण्याला कातर प्रतिबल सोसता येत नाही, त्यामुळे छिद्रजलदाब वाढला की दोन्ही मुख्य प्रतिबलांतून तो सारखाच वजा होतो. वर्तुळ लहान होत नाही, मोठे होत नाही. ते आहे तसे डावीकडे सरकते.

आकडे घ्या. उतारावरच्या एका ठिकाणी मुख्य प्रतिबले ३४० आणि १४० आहेत, पोकळ्यांत पाण्याचा दाब नाही. केंद्र २४० वर, त्रिज्या १००. ३० अंशांची भंगरेषा या वर्तुळाच्या वरून, थोडे अंतर ठेवून जाते. माती सुरक्षित आहे. आता पाऊस मुरला आणि छिद्रजलदाब ४० किलोपास्कलने वाढला. इतका दाब म्हणजे सुमारे चार मीटर उंचीच्या पाण्याचा. वर्तुळाचे केंद्र २०० वर आले आणि परिघ रेषेला टेकला. उतारावर कोणी नवा भार टाकला नाही, पायथा कोणी खणला नाही, कातर प्रतिबल कणभरही वाढले नाही. पकड तेवढी गेली. डोंगर पावसात का सुटतो, याचे एवढे नेमके उत्तर माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कोणत्याही आकृतीत नाही. सह्याद्रीत झिजलेल्या खडकावर मातीचा जाड थर असलेले असे उतार पुष्कळ आहेत. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा भाग कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अशा उताराची पाहणी करताना माती किती घट्ट आहे हे विचारणे पुरेसे नाही. तिच्यातल्या पाण्याचा दाब किती वाढला तर वर्तुळ रेषेला टेकेल, हे विचारावे लागते. आणि त्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मोजून काढता येते, कारण ते वर्तुळ आणि रेषा यांच्यातले आडवे अंतर आहे.

वर्तुळ चुकवणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत, आणि त्या ओळखता येतात. पहिली चूक म्हणजे दांड्याने दिलेला जादा दाब हेच महत्तम प्रतिबल समजणे. आपल्या उदाहरणात कोठीचा दाब मिळवायला विसरलो, तर वर्तुळ १०० ते २०० असे निघेल आणि घर्षणकोन ३० ऐवजी साडेएकोणीस अंश दिसेल. रेतीमिश्र मातीला इतका कमी कोन दिसला की आधी बेरीज तपासावी.

दुसरी चूक जास्त धोकादायक, कारण तिचे उत्तर गोड येते. नमुना दाबताना आखूड होतो आणि मधून फुगतो, म्हणून त्याचे क्षेत्रफळ वाढते. ३८ मिलिमीटर व्यासाच्या नमुन्याचे मूळ क्षेत्रफळ ११३४ चौरस मिलिमीटर. उंची १० टक्के घटली तेव्हा तो तुटला असेल तर क्षेत्रफळ सुमारे १२६० धरावे लागते. भारमापक कड्यावर २५२ न्यूटनचा भार वाचला, तर खरा जादा दाब २०० किलोपास्कल. मूळ क्षेत्रफळाने भागाकार केला तर तो २२२ दिसेल आणि घर्षणकोन ३० ऐवजी जवळपास ३२ अंश. माती आहे त्याहून बळकट दाखवणारी चूक कोणी शोधायला जात नाही.

तिसरी चूक संगणकाच्या काळातली आहे. आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरला मोकळे सोडले तर ते दोन्ही अक्षांची मापे आपल्या सोयीने वेगवेगळी घेते. वर्तुळ लंबगोल होते आणि त्यावर मोजलेला प्रत्येक कोन खोटा ठरतो. वर्तुळ गोल दिसत नसेल तर कोनमापक हातात घेऊ नये. दोन्ही अक्षांवर एका सेंटिमीटरला तेवढेच किलोपास्कल, हा नियम आलेखाच्या कागदावर आपोआप पाळला जातो. पडद्यावर तो आठवणीने पाळावा लागतो.

आता मर्यादांकडे वळू. त्या न सांगता वर्तुळाची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकण मातीचे तीन नमुने पाणी बाहेर जाऊ न देता तपासले, तर कोठीचा दाब १०० ठेवा, २०० ठेवा की ३००, तिन्ही वर्तुळांचा व्यास सारखाच येतो. वाढवलेला सारा दाब आतले पाणीच पेलते. तिन्हींना टेकणारी रेषा आडवी असते, घर्षणकोन शून्य येतो, आणि सूत्र सांगते की भंगाचा कोन ४५ अंश. पण नमुन्यावरची चीर पाहिली तर ती बहुधा त्याहून उभी असते. सूत्र खोटे नाही, त्यात घातलेला कोन चुकीच्या वर्तुळावरून आला आहे. ही तीन वर्तुळे एकूण प्रतिबलांची आहेत. प्रत्येकातून त्याच्या त्याच्या छिद्रजलदाबाएवढे डावीकडे सरकलो, तर तिन्ही एकाच जागी, एकावर एक येऊन बसतात. मातीचे कण ते एकच परिणामी वर्तुळ ओळखतात आणि चिरेची दिशा त्यातून ठरते. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ११ मध्ये छिद्रजलदाब न मोजता करायची चाचणी आहे आणि भाग १२ मध्ये तो मोजून करायची. पहिली स्वस्त आणि झटपट, आणि भार चटकन येणार असेल तेव्हा तिचा उपयोगही आहे. पण तिच्यावरून भंगाचा कोन सांगू नये. वर्तुळावर ‘एकूण’ की ‘परिणामी’ हे लिहिले नसेल, तर ते अर्धवट वर्तुळ समजावे.

रेतीतही सिद्धांताचा कोन आणि चिरेचा कोन नेहमी जुळत नाहीत. घट्ट रेती सरकताना कण एकमेकांवर चढतात आणि माती फुगते. केंब्रिजच्या केनेथ रोस्कोने असे मत मांडले की चिरेची दिशा घर्षणकोनाने ठरत नाही, ती या फुगण्याच्या कोनाने ठरते. घर्षणकोन ४० अंश आणि फुगण्याचा कोन १० अंश असेल, तर मोहर आणि कुलोम ६५ अंश सांगतात आणि रोस्को ५०. प्रत्यक्ष प्रयोगांत दिसलेल्या चिरा पुष्कळदा या दोन टोकांच्या मध्ये सापडतात. सैल रेतीचा नमुना तर बहुधा चीर न पडताच पिंपासारखा फुगतो, तिथे कोन मोजायचा कशाचा? शिवाय वरच्या आणि खालच्या तबकड्यांचे घर्षण नमुन्याची टोके धरून ठेवते, आणि मधले मुख्य प्रतिबल या वर्तुळात येतच नाही. म्हणून नमुन्यावरची चीर मोजून घर्षणकोन ठरवणे हा उलटा मार्ग कच्चा आहे. घर्षणकोन प्रतिबलांवरून, वर्तुळांना टेकणाऱ्या रेषेवरून काढावा. चिरेचा कोन त्याला पुरावा म्हणून शेजारी नोंदवावा, आणि दोहोंत पाच-सात अंशांची तफावत दिसली तर घाबरू नये.

यावर कोणी म्हणेल की ज्या आकृतीला इतक्या अटी लागतात तिचा आग्रह कशाला? संगणक मुख्य प्रतिबले आणि दिशा क्षणात देतो. खरे आहे, तो देतो आणि अचूकही देतो. पण वर सांगितलेली प्रत्येक अट मला वर्तुळामुळेच दिसली. सर्वोच्च बिंदू आणि स्पर्शबिंदू वेगळे आहेत हे डोळ्यांना दिसते. कोन कोणत्या प्रतलापासून मोजायचा हे ध्रुवबिंदू दाखवतो. पाण्याने काय बिघडते ते वर्तुळाच्या सरकण्यात दिसते. एकूण आणि परिणामी यांतला फरक दोन वर्तुळांच्या अंतरात मोजता येतो. सूत्र या चारही गोष्टी गिळून एक आकडा देते, आणि आकडा चुकला तरी तो चुकल्यासारखा दिसत नाही. वर्तुळ चुकले तर ते रेषेला टेकत नाही, ध्रुवबिंदू जुळत नाही, आकार गोल राहत नाही. चूक स्वतःहून समोर येते.

म्हणून मृदायांत्रिकी शिकवणाऱ्यांना आणि तिच्यावर पोट असणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. संगणक वापरा, पण भंगाच्या कोनावर सही करण्याआधी एक वर्तुळ हाताने काढा. दोन्ही अक्षांची मापे सारखी घ्या. चिन्हांची प्रथा आणि ‘एकूण’ की ‘परिणामी’ हे कोपऱ्यात लिहा. ध्रुवबिंदू दोन बाजूंनी तपासा, आणि कोन आडव्यापासून न मोजता मुख्य प्रतलापासून मोजा. शेवटी वर्तुळ आणि भंगरेषा यांच्यातले आडवे अंतर मोजून त्याच्याखाली लिहा, की पाण्याचा दाब इतका वाढला तर ही माती सुटेल. अहवालातला सर्वांत उपयोगाचा आकडा बहुतेक वेळा तोच असतो.